प्रायोजकाला पत्र देण्याआधी: महोत्सव समित्यांसाठी आमच्या छापखान्याचे माहितीपत्रक

डिसेंबर लागला की आमच्या काउंटरवर महोत्सव समितीची मुलंमुली फाइल घेऊन उभी राहतात. "काका, या पत्राच्या चाळीस कलर प्रिंट द्या, आजच वाटायच्यात." पत्र चाळीस दुकानांना एकच असतं. त्यात कॉलेजची परंपरा, गेल्या वर्षीचे पाहुणे, "हजारोंची उपस्थिती" आणि शेवटी "यथाशक्ती सहकार्य करावे". प्रिंट आम्ही आनंदाने देतो. पण जानेवारीत हीच मुलं बॅनर करायला येतात तेव्हा "आमचे प्रायोजक" या पट्टीत दोनच लोगो असतात, आणि त्यातला एक कोणाच्या तरी मामांच्या दुकानाचा. म्हणून हे पत्रक. पत्र, बॅनर, पास सगळं आमच्याकडेच छापलं जात असल्यामुळे कोणतं पत्र चालतं आणि दिलेला शब्द कुठे मोडतो, हे आम्हाला जवळून दिसतं.

"यथाशक्ती" वाचलं की दुकानदार वर्गणी समजतो आणि पाचशेची नोट काढतो. चाळीस हजार हवे असतील तर त्याला विकत घेण्यासारखं काही तरी दाखवावं लागतं. त्याच्या मनात तीनच प्रश्न असतात: मला नेमकं काय मिळणार, किती मिळणार, आणि ते मिळालं हे मी मोजणार कसं? पत्रात या तीन प्रश्नांची उत्तरं असली की एक पान पुरतं.

उदाहरणासाठी सांगली-मिरजेतलं तीन शाखांचं एक चष्म्याचं दुकान घेऊ. कॉलेजात 1,800 विद्यार्थी आहेत, महोत्सव दोन दिवसांचा आहे. आता विचार करा, या दुकानाला स्टेजमागच्या बॅनरवर लोगो मिळून काय फायदा? त्या बॅनरवर दहा लोगो असतात आणि सगळ्यांची नजर नाचणाऱ्यांकडे असते. दुकानाला हवी असते ती दिवसभर मोबाइल आणि फळा बघणारी, डोळे कधीच न तपासलेली मुलं. म्हणजे त्याला द्यायची गोष्ट बॅनर नव्हे, नेत्रतपासणीचा कक्ष आहे. दर दुकानासाठी असा विचार वेगळा करावा लागतो. म्हणूनच चाळीस पत्रांपेक्षा आठ पत्रं लिहा, पण प्रत्येक वेगळं लिहा.

इथेच उत्साहात पहिली चूक होते. समिती लिहून मोकळी होते, "1,000 विद्यार्थ्यांची मोफत तपासणी." जरा हिशेब करून बघा. यंत्रावर डोळ्यांचा नंबर काढून दोन शब्द बोलायला 5 मिनिटं धरली, तर तासाला 12 जण होतात. दिवसाचे 6 तास धरले तर 72, दोन दिवसांचे 144. एकच यंत्र, एकच तपासनीस असेल तर याहून जास्त होणार नाही. दुकानदाराला हे आकडे पाठ असतात, त्यामुळे 1,000 वाचल्याबरोबर पत्रातल्या बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. 140 लिहा. उरलेल्या मुलांपर्यंत तो कूपनमधून पोहोचेल.

उपस्थितीचंही तेच. "5,000 प्रेक्षक" लिहिण्यापेक्षा गेल्या वर्षी गेटवर पासांचे किती तुकडे जमा झाले ते लिहा. आकडा लहान वाटला तरी चालेल, तो मोजलेला आहे हे दिसू द्या. तुकडे जपून ठेवले नसतील तर यंदापासून ठेवा.

पत्र असं होईल:

"प्रति,
मा. व्यवस्थापक (दुकानाचे नाव)

विषय: 16 आणि 17 जानेवारीच्या महोत्सवात नेत्रतपासणी कक्ष व कूपन यांसाठी 40,000 रुपयांचे प्रायोजकत्व

स. न. वि. वि.

आमच्या महाविद्यालयात 1,800 विद्यार्थी शिकतात. गेल्या वर्षी महोत्सवाच्या गेटवर 1,140 पास जमा झाले. यंदा आम्ही 1,200 क्रमांकित पास छापत आहोत.

40,000 रुपयांच्या बदल्यात आम्ही आपल्याला पुढील गोष्टी देऊ. मुख्य गेट ते रंगमंच या वाटेवर 10 बाय 10 फुटांचा कक्ष, दोन टेबले, सहा खुर्च्या आणि वीजजोडणी, दोन्ही दिवस सकाळी 10 ते संध्याकाळी 5. आपल्या तपासनीसाने दोन दिवसांत साधारण 140 विद्यार्थी तपासावेत, अशी वेळेची चिठ्ठी देऊन रांग लावण्याचे काम आमचे चार स्वयंसेवक करतील. प्रत्येक पासाच्या खालच्या भागात फाडून घेता येईल असे आपल्या दुकानाचे कूपन असेल. त्यावरील सवलत आणि मुदत आपण ठरवावी. कक्षापाशी 6 बाय 3 फुटांचे दोन स्टँडी असतील. चष्मे व लेन्स या प्रकारातील दुसरा प्रायोजक आम्ही घेणार नाही.

20,000 रुपये होकारासोबत आणि उरलेले 5 जानेवारीपर्यंत, महाविद्यालयाच्या नावाने धनादेशाने द्यावेत. यांपैकी एखादी गोष्ट आमच्याकडून राहिली, तर तिच्यापुरती रक्कम परत करू. 31 जानेवारीपर्यंत कक्षाची छायाचित्रे, तपासलेल्या विद्यार्थ्यांची संख्या आणि गेटवर जमा झालेल्या पासांचा आकडा आपल्याला लेखी देऊ.

या आठवड्यात आपल्या सोयीने दहा मिनिटे भेटायला येऊ का?"

खाली प्राचार्यांची किंवा प्रभारी प्राध्यापकांची सही आणि कॉलेजचा शिक्का हवाच. नुसत्या विद्यार्थी सचिवाच्या सहीवर मोठी रक्कम कुणी देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पासावरचं कूपन. आम्ही पासावर क्रमांक टाकतो आणि मधे भोकांची रेघ मारून देतो. वरचा तुकडा गेटवर राहतो, खालचा मुलाच्या खिशात. फेब्रुवारीअखेर दुकानाच्या गल्ल्यात 60 कूपनं जमली, तर एक गिऱ्हाईक 667 रुपयांना पडलं, हे दुकानदार स्वतःच काढतो. ते परवडलं की नाही तेही तोच ठरवेल. तुम्ही मात्र पत्रात "60 गिऱ्हाइकं मिळतील" असं लिहू नका. जे तुमच्या हातात आहे तेवढ्याचाच शब्द द्या: पास किती, कक्ष कुठे, रांग कोण लावणार. खरेदी तुमच्या हातात नाही.

काही दुकानदार, विशेषतः क्लासवाले, कूपनऐवजी मुलांच्या मोबाइल नंबरांची यादी मागतात. ती देऊ नका. नंबर मुलांनी कॉलेजला दुसऱ्या कामासाठी दिलेले असतात. ज्याला हवं तो कक्षावर स्वतःच्या हाताने नंबर लिहून देईल, असं सांगा.

कक्षाची जागा पत्रात लिहिण्याआधी स्वतः जाऊन बघा. पार्किंगमागे टाकलेला कक्ष दिवसभर रिकामा राहतो आणि पुढच्या वर्षी ते दुकान तुम्हाला दारात उभं करत नाही. शहरातल्या चौकात बॅनर लावण्याचा शब्दही महापालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय देऊ नका. बेकायदा फलक काढून नेतात, आणि त्यावर प्रायोजकाचं नाव ठळक असतं. कॉलेजच्या आवारात जेवढं करता येईल तेवढंच लिहिलेलं बरं.

आता पैशाचं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक समित्यांना हे माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कॉलेजच्या कार्यक्रमाला बॅनर वगैरे लावून प्रसिद्धी मिळण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व हे जाहिरातीच्या कामाचंच कंत्राट धरायचं, असा खुलासा प्राप्तिकर खात्याने 1995 च्या परिपत्रक क्रमांक 715 मध्ये केलेला आहे. त्यामुळे दुकान प्रायव्हेट लिमिटेड असेल किंवा त्याची उलाढाल मोठी असेल, तर 30,000 रुपयांवरच्या रकमेतून ते टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापतं. कॉलेज संस्थेच्या नावावर असेल तर तो 2 टक्के. म्हणजे 40,000 ऐवजी 39,200 येतील. कुणी 800 रुपये खाल्ले असं समजून भांडू नका. ती रक्कम संस्थेच्या पॅनवर जमा होते आणि संस्था विवरणपत्रात ती दाखवू शकते. पत्रासोबत पॅन दिला नाही तर मात्र कपात 20 टक्क्यांवर जाते, म्हणजे 8,000 रुपये. धनादेश कधीही सचिवाच्या किंवा खजिनदाराच्या वैयक्तिक नावाने घेऊ नका.

हातात आलेले 39,200 सुद्धा सगळे खर्चायचे नसतात. दोन स्टँडी, पासावरचं जादा छपाईकाम, कक्षाचं नाव यांना समजा 8,000 लागले, मांडव आणि विजेला 3,000. महोत्सवासाठी उरले 28,200. शब्द पाळण्याचा खर्च आधी काढून मगच मागणीचा आकडा ठरवा. पत्र लिहिण्याआधी आमच्याकडून दर विचारून जा, त्याचे पैसे नाहीत.

मोठ्या कंपनीकडे जाणाऱ्या समित्या "आपल्या सीएसआर निधीतून द्यावे" असं वाक्य घालतात. ते काढून टाका. सीएसआर म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी काढलेला निधी. कंपनीला मालाची प्रसिद्धी मिळावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, असं 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांत स्पष्ट आहे. एका पानावर लोगो आणि कक्ष देऊ करायचा आणि त्याच पानावर सीएसआर मागायचा, हे वाचून तिथला माणूस पत्र बाजूला ठेवतो. कंपनीत मार्केटिंगच्या खात्यात जा.

होकार आला की त्याच दिवशी लोगो मागा आणि मूळ सीडीआर किंवा पीडीएफ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो चालत नाही. 600 पिक्सेल रुंदीचा लोगो 3 फुटी स्टँडीवर पूर्ण रुंदीने टाकला तर इंचाला 17 ठिपकेसुद्धा येत नाहीत, आणि स्टँडी तर हातभर अंतरावरून बघतात. कडा फुटलेला लोगो बघून प्रायोजक नाराज होतो, तेव्हा दोष छपाईचा नसतो. प्रूफ प्रायोजकाला दाखवून त्याचा लेखी होकार घ्या, मगच आम्ही छापायला घेऊ. क्रमांकित पासांना चार दिवस, स्टँडीला एक दिवस लागतो. 16 जानेवारीच्या कार्यक्रमाचं सगळं साहित्य 8 तारखेपर्यंत आमच्याकडे आलं तर चुकीचं स्पेलिंग सुधारायला वेळ राहतो.

येताना पत्राचा कच्चा मसुदा, कॉलेजच्या आवाराचा हाताने काढलेला नकाशा आणि गेल्या वर्षीचे पास असतील तर तेही घेऊन या. दुपारी 2 ते 4 गर्दी कमी असते, बसून बघता येईल.