जठराचा अल्सर आणि अल्सरसारखा दिसणारा कॅन्सर

"गोळी घेतली की बरं वाटते, म्हणजे अल्सरच असंल ना डॉक्टरसाहेब?" नागपुरात पोटाच्या दुर्बिणीचं काम करताना हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकू येतो की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. उत्तर असं आहे की गोळीने बरं वाटणं हा अल्सरचा पुरावा नाही. जठराच्या कॅन्सरची जखमसुद्धा आम्ल कमी करणाऱ्या त्याच गोळीने काही काळ भरून येते. दुखणं थांबतं, भूक लागते आणि माणूस निर्धास्त होतो. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच निर्धास्तपणाची.

आधी एक गोंधळ दूर करतो. आपण सरसकट 'पोटाचा अल्सर' म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या जागा मिसळलेल्या असतात. एक जागा म्हणजे जठर, अन्नाची पिशवी. दुसरी तिच्या पुढची, लहान आतड्याची सुरुवात, जिला आम्ही ड्युओडेनम म्हणतो. ड्युओडेनममधला अल्सर कॅन्सर निघणं जवळजवळ घडत नाही. जठरातल्या अल्सरबद्दल मात्र तपासल्याशिवाय असं म्हणता येत नाही. म्हणून रिपोर्ट हातात आला की अल्सर आहे का यापेक्षा तो कुठे आहे हे आधी वाचा. 'गॅस्ट्रिक अल्सर' लिहिलं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

दुखण्यावरून दोन्ही ओळखता येत नाहीत. उपाशीपोटी दुखतं आणि खाल्लं की थांबतं ते ड्युओडेनमचं, खाल्ल्यावर वाढतं ते जठराचं, असा ठोकताळा सगळ्यांना माहीत असतो. तो अनेकदा चुकतो, आणि साधी जखम व कॅन्सरची जखम यांतला फरक तर तो अजिबात सांगत नाही. सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखला तर अ‍ॅसिडिटीसारखाच दुखतो.

दुर्बिणीतून पाहिल्यावर फरक दिसू लागतो. साधा अल्सर सहसा गोल किंवा लंबगोल असतो, कडा सपाट आणि सारख्या, तळ स्वच्छ पांढरट. जठराच्या अस्तराला असलेल्या घड्या चाकाच्या आऱ्यांसारख्या जखमेच्या काठापर्यंत सरळ येऊन पोहोचतात. कॅन्सरच्या जखमेचा काठ वेडावाकडा असतो, कुठे उंचावलेला, कुठे गाठाळ. घड्या काठाच्या अलीकडेच तुटतात, जाड होतात किंवा एकमेकींत मिसळतात. हे वर्णन पुस्तकात जितकं स्पष्ट वाटतं तितकं पडद्यावर नेहमी नसतं. अनुभवी डोळासुद्धा फसतो. म्हणून जठरातला अल्सर कितीही साधा दिसला तरी त्याचे किमान सहा तुकडे घ्यायचे असतात, चारही बाजूंच्या काठांवरून आणि तळातूनही. फक्त तळातून घेतले तर बऱ्याचदा मेलेल्या पेशीच हाती येतात आणि काठावरचा कॅन्सर निसटतो.

आता गोळीकडे येऊ. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही औषधं जठरातलं आम्ल कमी करतात. कॅन्सरच्या पेशी अस्तराच्या वरच्या थरात असतात आणि त्यांच्यावर आम्लामुळे जखम होते. आम्ल कमी झालं की ती जखम भरते, तिच्यावर नवं पातळ अस्तरही येतं. खालच्या पेशी जागेवरच राहतात. काही महिन्यांनी जखम पुन्हा उघडते, पुन्हा गोळी, पुन्हा भरते. हे चक्र महिनोन्‌महिने चालू शकतं आणि तेवढ्या काळात कॅन्सर आत उतरत जातो.

एका रुग्णाची गोष्ट सांगतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय बावन्न, धान्याच्या व्यवसायातले, दिवसाचा बहुतेक वेळ कळमन्याच्या बाजारात. विशीपासून बिडी, दिवसाला एक बंडल. घरी वडिलांपासून चालत आलेली आवड म्हणजे सुकट आणि सुके बोंबील, आठवड्यातून तीन-चार वेळा. शिदोरीत रोज खारातली मिरची आणि पापड. पोटाच्या वरच्या भागात पाच महिने दुखत होतं. मेडिकलमधून गॅसची गोळी घ्यायचे, दहा दिवसांत बरं वाटायचं, थांबवली की तीन आठवड्यांत परत. हे तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन 9.8. पुरुषाचं हिमोग्लोबिन कारण नसताना इतकं उतरत नाही. त्यांनी लगेच दुर्बिणीसाठी पाठवलं.

जठराच्या आतल्या वळणावर दीड सेंटिमीटरचा अल्सर होता. दिसायला साधा. सहा तुकडे घेतले. रिपोर्ट आला: जुनी सूज, हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू आहेत, काही ठिकाणी जठराच्या अस्तराची जागा आतड्यासारख्या अस्तराने घेतली आहे, कॅन्सरच्या पेशी नाहीत. मी जंतूसाठी चौदा दिवसांचं औषध दिलं, आम्लाची गोळी आठ आठवडे चालू ठेवली आणि आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण असं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

आठ आठवड्यांनी ते आले ते बायकोच्या आग्रहामुळे. "आता काईच दुखून नाही राह्यलं, मंग पुन्हा दुर्बीण कायले?" असं त्यांनी विचारलं. वजनही दोन किलो वाढलं होतं. त्यांच्या पत्नी एवढंच म्हणाल्या, "तुमीच लिवलं होतं ना साहेब, म्हणून घेऊन आली."

दुर्बिणीत जखम भरलेली दिसली. पण व्रणाच्या एका बाजूला अस्तर किंचित दबलेलं, फिकट लालसर होतं आणि दोन घड्या तिथे अचानक तुटत होत्या. तिथून घेतलेल्या तुकड्यांत कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये कुठे पसरल्याची खूण नव्हती. सर्जननी जठराचा खालचा भाग आणि जवळच्या लिम्फच्या गाठी काढल्या. काढलेल्या भागाच्या तपासणीत कॅन्सर अस्तराच्या खालच्या थराला जेमतेम पोचलेला, स्नायूपर्यंत गेलेला नाही, गाठी स्वच्छ. केमोथेरपी लागली नाही.

कॅन्सर या थरापर्यंतच असला तर त्याला 'अर्ली गॅस्ट्रिक कॅन्सर' म्हणतात. ही व्याख्या जपानी डॉक्टरांनी 1962 मध्ये केली. या टप्प्यावर उपचार झाले तर पाच वर्षांनंतर नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण जिवंत असतात. अगदी वरच्या थरातला लहान कॅन्सर तर पोट न उघडता, दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो. उलट्या, अन्न अडकणं, झपाट्याने उतरणारं वजन घेऊन माणूस येतो तेव्हा बहुधा हा टप्पा मागे पडलेला असतो.

हे कशामुळे झालं, असं त्यांच्या मुलाने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "सावजीच्या रस्स्यानं." नागपुरात हा समज फार पक्का आहे. तिखटाने पोटात आग होते, आधीची अ‍ॅसिडिटी भडकते, हे खरं. पण जठराच्या कॅन्सरबाबत तिखटाविरुद्धचा पुरावा एकसारखा नाही. मिठात मुरवून टिकवलेल्या अन्नाविरुद्धचा पुरावा त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. तो मुख्यतः जपान, कोरिया, चीनमधल्या खारवलेल्या मासळी आणि भाज्यांच्या अभ्यासांतून आला आहे. तिकडे ती खाण्याचं प्रमाण खूप मोठं असतं, म्हणून जेवणात लोणच्याची एक फोड खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. आठवड्यातून चारदा सुकट, वर रोज खार आणि पापड, हे मात्र वेगळं. जास्त मीठ जठरावरचा चिकट संरक्षक थर विस्कटतं आणि त्या जंतूला अस्तरापर्यंत वाट मिळते. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यांतल्या फार थोड्यांना कॅन्सर होतो. जंतू, मीठ आणि धूर एकाच पोटात वर्षानुवर्षं एकत्र आले की धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम मिठाची आहे, म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षा थोडं कमी. त्यात लोणचं, पापड, सुकट सगळं धरायचं.

बिडी-सिगारेटबद्दल शंका उरलेली नाही. धूम्रपान हे जठराच्या कॅन्सरचं सिद्ध कारण आहे, शिवाय त्यामुळे साधा अल्सरही लवकर भरत नाही. म्हणजे बिडी ओढणाऱ्याचा अल्सर भरत नसेल तर तो बिडीमुळे की कॅन्सरमुळे, हे तुकडा घेतल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होतो. त्याने जठराचाही होतो असं तितक्या ठामपणे म्हणता येत नाही, पण खर्रा खाणाऱ्याला दुर्बीण करताना मी अन्ननलिका जास्त सावकाश पाहतो.

मग दुर्बीण कधी? चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली आणि गोळी थांबवताच परतणारी तक्रार असेल, तर तिसऱ्या पाकिटाची वाट पाहू नका. हिमोग्लोबिन उतरलं, वजन घटलं, अन्न अडकलं, उलट्या थांबत नाहीत किंवा आईवडील-भावंडांत कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर वय पाहायचं नाही. काळ्या शौचाबद्दल एक सांगतो: लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती घट्ट असते. रक्ताची शौच डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असते. अशी शौच झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जमलं तर दुर्बीण गोळी सुरू करण्याआधी करावी. गोळीने जखम झाकली जाते आणि जंतूची तपासणीही खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्या तपासणीसाठी आम्लाची गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं. रक्तस्राव किंवा जास्त त्रास असेल तर मात्र मनाने गोळी थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. तपासणीला सहा ते आठ तास काही खायचं नाही. घशात बधिर करणारा फवारा मारतात. नळी बोटापेक्षा बारीक असते, श्वासाची वाट मोकळीच राहते, आणि सगळं पाच-दहा मिनिटांत होतं. उमासे येतात, पण तुकडे घेतल्याचं दुखत नाही, कारण अस्तराला तशी संवेदनाच नसते.

ते गृहस्थ आता दर वर्षी दुर्बिणीला येतात, कारण उरलेल्या जठरात कॅन्सरची नवी जागा तयार होऊ शकते. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खातात. बी-12 ची पातळी आम्ही अधूनमधून पाहतो. बिडी सुटली आहे. रविवारचा सावजी रस्सा अर्धी वाटी चालू आहे, आणि तो मी बंद केलेला नाही. पुढच्या दुर्बिणीची तारीख त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.