घामातलं मीठ आणि टी-शर्टातली चांदी

माझा भाचा लातूरला आमच्याकडे राहून पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला मैदानावर जातो, १६०० मीटरच्या फेऱ्या मारतो आणि साडेसातला घामाने चिंब होऊन परत येतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने ऑनलाइन एक टी-शर्ट मागवला. त्याच्या टॅगवर लिहिलं होतं: ‘सिल्व्हर टेक्नॉलॉजी, ९९ टक्के जिवाणूंचा नाश, ३० धुण्यांपर्यंत परिणामकारक’. तो म्हणाला, “मामा, आता हा दोन-तीन दिवस न धुता घातला तरी चालतं, वास येत नाही.”

नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात या वाक्याची किंमत काय असते, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. २०१६ साली याच शहरात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तीन आठवड्यांनी मात्र त्या टी-शर्टाला धुऊन वाळवल्यावरही वास यायला लागला आणि भाच्याने फसवणूक झाल्याचं जाहीर केलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. फसवणूक हा शब्द मला पुरेसा वाटला नाही. टॅगवरचं बहुतेक खरं असूनही टी-शर्टाला वास का येतो, हे मला त्याला समजावून सांगायचं होतं.

चांदी जिवाणू मारते हे खरं आहे. धातूची चांदी स्वतः काही करत नाही. ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की तिच्या पृष्ठभागावरून थोडे थोडे अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात आणि पाण्यात उतरतात. या आयनांना गंधकाची मोठी ओढ असते. जिवाणूच्या प्रथिनांमध्ये गंधक आणि हायड्रोजनच्या जोड्या असतात. आयन तिथे जाऊन चिकटतो, त्या प्रथिनाची घडण बिघडते, श्वसनाचं काम करणारी विकरं बंद पडतात आणि पेशी मरते. म्हणजे मारतो तो सुटलेला आयन. धाग्याला चिकटून राहिलेली चांदी फक्त साठा असते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

आता अकरावी-बारावीचं प्रॅक्टिकल आठवा. परीक्षानळीत अनोळखी क्षाराचं द्रावण घेतलं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि क्षणात दह्यासारखा पांढरा साका खाली बसला, की आपण वहीत लिहायचो, ‘क्लोराईड आहे’. विज्ञान शाखेच्या प्रत्येक मुलाने हे केलेलं असतं. भाच्याच्या काखेत रोज सकाळी हाच प्रयोग होतो. घामात लिटरला साधारण ३ ग्रॅम मीठ असतं. माणसागणिक आणि उन्हागणिक ते कमी-जास्त होतं, पण मीठ असतंच, आणि मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. कापडातून सुटलेला चांदीचा आयन घामात उतरला की क्लोराईड त्याला पकडतं आणि सिल्व्हर क्लोराईड होऊन तो बाजूला बसतो.

किती पकडतं, याचा हिशेब करता येतो. सिल्व्हर क्लोराईड साध्या पाण्यात टाकलं तर लिटरमध्ये जवळजवळ १.४ मिलिग्रॅम चांदी आयनरूपात राहते. पण पाण्यात आधीच क्लोराईड असेल तर विद्राव्यतेचा गुणाकार नियम लागू होतो: दोन्ही आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार ठरावीकच राहतो, म्हणून एक वाढला की दुसऱ्याला त्याच पटीत कमी व्हावं लागतं. ३ ग्रॅम मिठाच्या घामात मोकळा चांदीचा आयन लिटरला साधारण ०.४ मायक्रोग्रॅमवर येतो. साध्या पाण्याच्या तुलनेत ही घट साडेतीन हजार पटींहून जास्त आहे. काही चांदी एक-दोन क्लोराईडशी जोडी जमवून विरघळलेली राहते, पण ती मोकळ्या आयनाइतकी तत्पर नसते. त्यात घामातली प्रथिनं आपल्या गंधकाने आणखी आयन अडवून धरतात. जिवाणूसाठी निघालेला आयन बहुतेक वेळा वाटेतच संपतो.

सिल्व्हर क्लोराईड म्हणजे चांदी मेली असं मात्र नाही. त्यातून आयन हळूहळू सुटतच राहतात, आणि काही कारखाने तर फिनिश म्हणून सिल्व्हर क्लोराईडच लावतात. प्रयोगशाळेत ते चाचणी उत्तीर्णही होतं. त्या चाचणीत कापडाच्या छोट्या तुकड्यावर जिवाणूंचं द्रावण टाकतात, बंद बाटलीत ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवतात आणि मग किती जिवाणू उरले ते मोजतात. बाटलीत नवा घाम येत नाही, नवे जिवाणू येत नाहीत आणि चांदीला काम करायला अख्खा दिवस मिळतो. मैदानावर दीड-दोन तासांचा खेळ असतो. त्वचा सतत मीठ ओतत असते आणि जिवाणूंची नवी कुमकही पुरवत असते.

‘९९ टक्के’ या आकड्याबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. काखेजवळच्या कापडावर १० लाख जिवाणू आहेत असं धरू. ९९ टक्के मेले तरी १० हजार उरतात. ते सात वेळा दुप्पट झाले की पुन्हा १० लाखांच्या वर जातात. ओला टी-शर्ट बॅगेत दाबून ठेवला, तर त्यांना ऊब, ओल आणि वेळ तिन्ही मिळतं.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात रेचेल मॅक्वीन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. सिल्व्हर क्लोराईड लावलेलं पॉलिएस्टर प्रयोगशाळेत जिवाणू मारत होतं. तेच कापड माणसांच्या काखेशी प्रत्यक्ष वापरलं, तेव्हा साध्या पॉलिएस्टरच्या तुलनेत ना वासात ठळक फरक पडला, ना जिवाणूंच्या संख्येत. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका प्रकारच्या फिनिशवरून सगळ्या कापडांचा निकाल लावता येणार नाही, पण बाटलीतलं यश काखेत आपोआप उतरत नाही एवढं त्यातून स्पष्ट होतं.

वास मुळात जन्मतो कुठे? ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या त्वचेवरचे जिवाणू घामातली द्रव्यं फोडून आम्लं आणि गंधकाची संयुगं तयार करतात. तिथे कापडातली चांदी फारशी पोचत नाही. ही तयार झालेली संयुगं तेलकट स्वभावाची असतात, आणि पॉलिएस्टरही तेलाशी सलगी करणारं आहे. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. पाण्याला दूर ठेवणारा हा धागा दुर्गंधीची तेलकट संयुगं मात्र आत ओढून घेतो आणि धुण्यातही सहज सोडत नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात २६ जणांनी तासभर सायकल व्यायाम केला. त्यांचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट सुतीपेक्षा जास्त दुर्गंधीचे ठरले आणि मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू कृत्रिम धाग्यावर जास्त वाढलेले दिसले. चांदीने उद्या एकूण एक जिवाणू मारला, तरी धाग्यात आधी मुरलेला वास ती काढू शकत नाही.

आता ३० धुण्यांचं पाहू. टी-शर्ट १५० ग्रॅमचा आणि कापडात किलोला २० मिलिग्रॅम चांदी आहे असं धरलं, तर अख्ख्या टी-शर्टात ३ मिलिग्रॅम चांदी असते. दोन लाख रुपये किलोच्या भावानेही ती साठ पैशांची होते. ती टिकते किती, हे ती कशी बसवली आहे यावर ठरतं. स्वस्तातली पद्धत अशी: तयार कापड द्रावणात बुडवायचं, रुळांतून पिळायचं, वाळवायचं आणि उष्णतेने चिकटवायचं. यात चांदी धाग्याच्या अंगावर, चिकटद्रव्याच्या पातळ थरात असते. दुसऱ्या पद्धतीत धागा ओढण्याआधीच वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये चांदीची संयुगं मिसळतात. ती धुण्यात कमी जाते, पण आत अडकलेली चांदी जिवाणूपर्यंतही कमीच पोचते. सुटेल तरच काम करेल आणि सुटली की संपेल, या पेचातून कुठल्याही कारखान्याची सुटका नाही.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली चांदीचे मोजे नुसत्या शुद्ध पाण्यात धुतले. काहींची जवळजवळ सगळी चांदी थोड्याच धुण्यांत गेली, काहींची फारशी हलली नाही. स्वित्झर्लंडमधल्या २००९ च्या तपासणीत नऊ कापडांपैकी एकातून पहिल्याच धुण्यात ३५ टक्के चांदी गेली आणि दुसऱ्यातून फक्त १.३ टक्के. गेलेल्या चांदीचा मोठा भाग विरघळलेला नव्हता. घासाघाशीने सुटलेले ते बारीक कण होते. आपल्याकडे टी-शर्ट दगडावर ब्रशने घासतात, तेव्हा चिकटद्रव्याच्या थराचं काय होत असेल ते यावरून ओळखता येतं. टॅगवरचे आकडे सहसा यंत्रातल्या सौम्य धुण्याचे असतात. तेही पूर्ण खरे मानले, तरी रोज धुणाऱ्या मुलासाठी ३० धुणी म्हणजे एक महिना.

चांदीबद्दल आपल्याकडे आधीच फार श्रद्धा आहे. त्या श्रद्धेच्या जोरावर ‘नॅनो सिल्व्हर’चं पाणी प्यायला विकणारेही भेटतात. ते पिऊ नका. शरीरात साचलेल्या चांदीने कातडी कायमची निळसर-राखाडी होते, आणि तो रंग परत जात नाही.

भाच्याच्या टी-शर्टाचं आम्ही एक केलं. वाळलेला टी-शर्ट उलटा करून काखेचा भाग किंचित ओला केला आणि त्यावर कोमट इस्त्री फिरवली. वाफेबरोबर वास उठला. धुतलेल्या कापडाला थंड असताना वास नाही आणि गरम झाल्यावर येतो, तेव्हा दोष त्या दिवसाच्या जिवाणूंचा नसतो, धाग्यात मुरलेल्या संयुगांचा असतो. मग अर्ध्या बादली पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा घालून टी-शर्ट तासभर भिजत ठेवला. आमच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. सोडा ते पाणीही मऊ करतो, आणि वासाच्या आम्लांचे क्षार बनवून ती पाण्यात विरघळायला लावतो. गंधकाच्या संयुगांवर त्याचा तेवढा जोर चालत नाही. नंतर काख नुसत्या हाताने चोळली, ब्रश लावला नाही, आणि टी-शर्ट उलटाच उन्हात टाकला.

दुसऱ्या दिवशी इस्त्री पुन्हा फिरवली. डाव्या काखेचा वास गेला होता, उजव्या काखेचा थोडा उरला होता. तिला तीन दिवसांनी पुन्हा सोडा लावला. भाचा आता सरावाला सुती बनियन घालतो. ती घामाने जड होते याची त्याची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. म्हणून पॉलिएस्टरचा टी-शर्ट तो फक्त वेळ लावून पळायच्या दिवशी घालतो, आणि मैदानावरून आल्या आल्या, वाळायच्या आत, सोड्याच्या बादलीत टाकतो.