दिसायला एक, कॉम्प्युटरला दोन

पेरणीच्या तोंडावर जालन्यातल्या बियाण्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे परतूर, सेलू, अंबडच्या दुकानदारांच्या ऑर्डरी येतात. त्या सीएसव्ही फाइलमधून एकदम चढवताना एखादी ऑर्डर दोनदा चढली, की कोणीतरी म्हणतंच, “मराठी नावं कॉम्प्युटरला झेपत नाहीत, इंग्रजीत भरा.” हा निव्वळ गैरसमज आहे. दोष भाषेचा नाही, तपासणी अर्धवट लिहिल्याचा आहे.

समजा, दुकानाचं नाव ‘शेतकऱ्यांचे दुकान’, ऑर्डर क्रमांक 41, वाण MAUS-71, बॅगा 40. दुकानदाराने हे मोबाइलवर टाइप केलं आणि तीच ऑर्डर ऑफिसात कोणी पुन्हा टाइप केली. क्रमांक 41 प्रत्येक दुकानाच्या पावतीपुस्तकात असणारच, म्हणून दुकान, क्रमांक आणि वाण हे तिन्ही जुळले तरच ऑर्डर तीच, असा नियम ठेवावा लागतो. इथे दोन्ही ओळी डोळ्यांना सारख्याच दिसतात, तरी कॉम्प्युटर त्यांना वेगळं धरतो. कारण ‘कऱ्यां’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो:

```
U+0931 U+094D
U+0930 U+094D U+200D
```

दुसऱ्या प्रकारातलं U+200D हे न दिसणारं जोडचिन्ह आहे. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण, म्हणजे NFC, र आणि नुक्ता सुटे आले तर त्यांचा एक ऱ करतं, पण या जोडचिन्हाला हात लावत नाही. दुसऱ्या प्रकाराची पहिल्यात बदली आपणच करायची. पायथनमध्ये ती अशी होते:

```python
import unicodedata
s = unicodedata.normalize("NFC", s)
s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
s = " ".join(s.split())
```

शेवटची ओळ जादा मोकळ्या जागा काढते. असं धुतलेलं नाव फक्त तुलनेसाठी वापरायचं, बिलावर दुकानदाराने लिहिलेलंच छापायचं. मात्र कोणी ‘शेतकरयांचे’ असं चुकीचं लिहिलं, तर हा उपाय चालत नाही. त्यासाठी प्रत्येक दुकानाला कायमचा कोड देणंच बरं.

बाकीची तपासणी सोपी आहे: बॅगांचा आकडा पूर्ण आणि शून्याहून मोठा हवा, वाण आपल्या यादीत हवं, तारीख खरी हवी. पहिल्या चुकीवर थांबू नये. पूर्ण फाइल वाचून सगळ्या चुका एकदम सांगाव्यात, नाहीतर माणसाला तीच फाइल पुन्हा पुन्हा चढवावी लागते.

खरी कसोटी लागते ती दुकान, क्रमांक, वाण जुळूनही एका ओळीत 40 बॅगा आणि दुसरीत 60 असतात तेव्हा. ही नक्कल नाही, बहुधा दुकानदाराने वाढवलेली मागणी आहे. प्रोग्रामने परस्पर 60 ची ओळ खोडली, तर ऐन पेरणीत 20 बॅगा कमी पडतील आणि दोन्ही ठेवल्या, तर 100 बॅगा जातील. म्हणून दोन्ही ओळी बाजूला काढून अहवालात असं लिहावं:

```
ओळ 9 आणि ओळ 17: शेतकऱ्यांचे दुकान, ऑर्डर 41, MAUS-71
बॅगा: ओळ 9 मध्ये 40, ओळ 17 मध्ये 60
दुकानदाराला विचारून एकच ओळ ठेवा.
```

ओळ क्रमांक एक्सेलमध्ये दिसतो तोच द्यावा, म्हणजे शीर्षकाची ओळ 1 धरून. प्रोग्राम बहुतेकदा शून्यापासून मोजतो, आणि तोच आकडा अहवालात आला तर माणूस भलतीच ओळ दुरुस्त करतो.