फ्रीफॉर्म प्रोग्रेसिव्ह लेन्स

फ्रीफॉर्म म्हणजे प्रोग्रेसिव्ह काच घडवायची डिजिटल पद्धत. तो चष्म्याचा वेगळा प्रकार नाही आणि चांगल्या दर्जाची हमीही नाही, दुकानात मात्र तो शब्द बऱ्याचदा हमीसारखाच वापरला जातो.

चाळिशी लागल्यावर दूरचं, कॉम्प्युटरचं आणि वाचायचं एकाच काचेतून, मधली रेघ न दिसता हवं असेल तर प्रोग्रेसिव्ह घेतात. वरच्या भागात दूरचा नंबर असतो, तिथून खाली येताना पॉवर हळूहळू वाढत वाचायच्या नंबरापर्यंत जाते. मधल्या या पट्ट्याला कॉरिडॉर म्हणतात आणि वाढणाऱ्या पॉवरला ॲड. जुन्या पद्धतीत ही वाढ काचेच्या पुढच्या बाजूला साच्यातूनच आलेली असते. कंपनी ठरावीक मोजक्या गोलाईंचे अर्धवट तयार तुकडे बनवते आणि लॅबवाला मागची बाजू घासून तुमचा नंबर आणि सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेने लागणारा जास्तीचा नंबर, बसवतो. एकाच गोलाईचा तुकडा बऱ्याच नंबरांना चालवला जातो, पण डिझाइन त्यातल्या एखाद्याच नंबरासाठी नीट बसवलेलं असतं, त्यामुळे नंबर तिथून जितका लांब किंवा सिलिंडर जितका जास्त तितका स्वच्छ दिसणारा भाग आक्रसतो. फ्रीफॉर्ममध्ये बहुतेक वेळा पुढची बाजू साधी गोल असते आणि कॉम्प्युटरवर चालणारं मशीन हिऱ्याच्या टोकाने मागची बाजू तुमच्या नंबरासाठी काढलेल्या हिशोबाप्रमाणे बिंदू बिंदू कोरतं, मग मऊ पॅडने पॉलिश होते. पण याच मशीनवर एखादं जुनं, साधं डिझाइनही कोरता येतं, म्हणून नुसतं ‘डिजिटल’ ऐकून जास्त पैसे द्यायचं कारण नाही.

बाजूचं अंधुक दिसणं फ्रीफॉर्मने जातं हा सगळ्यात मोठा गैरसमज. १९६३ मध्ये मिंकविट्झ यांनी गणिताने दाखवलं की कॉरिडॉरमध्ये खाली जाताना पॉवर ज्या वेगाने वाढते, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला नको असलेला सिलिंडर वाढतो. समजा ॲड २.०० आहे आणि कॉरिडॉर १४ मिमी, तर पॉवर दर मिमीला ०.१४ वाढते आणि बाजूला दर मिमीला सुमारे ०.२९ सिलिंडर येतो. अर्ध्या डायॉप्टरपर्यंतचं धूसर चालवून घेतलं तरी कॉरिडॉरची रुंदी जेमतेम साडेतीन मिमी. ॲड १.०० असेल तर तीच सात मिमी होते. मशीन कितीही भारी असलं तरी हे कुणाला चुकत नाही, डिझाइन करणारा फक्त तो अंधुकपणा इकडून तिकडे सरकवू शकतो, म्हणजे कडेला गोळा करायचा की पातळ करून पसरायचा एवढंच.

मग फायदा कुठे आहे? नंबर मोठा, सिलिंडर जास्त किंवा फ्रेम गुंडाळल्यासारखी वळलेली असेल तिथे तो खरंच जाणवतो. काच डोळ्यापुढे तिरकी बसली की नंबरात आपोआप सिलिंडर मिसळतो आणि तो नंबर गुणिले तिरकेपणाच्या टॅनचा वर्ग एवढा असतो. मायनस ६ ची काच १० अंश कलली तर साधारण ०.१९, वळलेल्या फ्रेममध्ये २० अंश झाली तर ०.७९, आणि एवढं कुणालाही कळेल. प्लस १ वाल्याला मात्र १० अंशाला ०.०३, म्हणजे काहीच नाही. चांगली फ्रीफॉर्म काच हा फरक आधीच हिशोबात धरून बनवतात. त्यामुळे नंबर मोजायच्या मशीनवर तपासली तर तिचा नंबर डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा थोडा वेगळा दिसू शकतो, म्हणून लगेच चुकीची ठरवू नये, सुधारलेला नंबर पाकिटावर छापलेला असतो त्याच्याशी ताडून बघावं.

पण हा हिशोब मापांवर चालतो. दोन्ही डोळ्यांचा पीडी, म्हणजे नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर, वेगवेगळा, फिटिंगची उंची, म्हणजे फ्रेममध्ये बाहुली किती उंचीवर येते ते, फ्रेमचा कल, वळण आणि काचेचं डोळ्यापासूनचं अंतर, आणि हे सगळं तुम्ही निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर बसवूनच घ्यायचं असतं. कुणी फक्त एकत्र पीडी घेऊन बाकी सरासरी आकडे भरत असेल तर वैयक्तिक काचेचे पैसे देऊन तुम्हाला सरासरीच मिळते. कॉरिडॉर साडेतीन मिमीचा असताना एका डोळ्याचा पीडी दोन मिमी चुकला तर नजर पट्ट्याच्या बाहेरच पडते, मग डिझाइन कुठलंही असो.

म्हणजे दूरचा नंबर प्लस-मायनस दोनच्या आत, सिलिंडर नगण्य, ॲड कमी आणि फ्रेम साधी असेल तर नीट मापाने बसवलेली जुन्या पद्धतीची काच बहुतेकांना पुरते आणि फरक सांगता येणं कठीण जातं. मायनस पाच-सहा, दीड-दोनचा सिलिंडर किंवा दोन डोळ्यांत बराच फरक असेल तर जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात असं माझं मत. किंमत विचारताना दोन्ही काचा त्याच इंडेक्सच्या आणि त्याच कोटिंगच्या सांगायला लावा, कारण बिलातला बराच फरक पातळ मटेरियल आणि चमक घालवणाऱ्या कोटिंगचा निघतो. आणि हातात आल्यावर काच उजेडात तिरकी धरली की ३४ मिमी अंतरावर कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसतात, त्यांच्याखाली ॲडचा आकडा आणि डिझाइनचा कोड असतो, तो ऑर्डरशी जुळतोय का ते दुकानातच बघून घ्या.