एक भिंत, दोन छिन्न्या: हत्शेपसुत आणि आमुन यांना कुणी पुसलं, कशासाठी

इजिप्तमध्ये लक्सरच्या पलीकडच्या तीरावर, देइर एल-बहारीच्या कड्याखाली, हत्शेपसुत राणीचं देऊळ आहे. त्याच्या मधल्या गच्चीवर एक ओवरी आहे. आमुन देव राणीच्या आईजवळ आला आणि हत्शेपसुत जन्मली, ही कथा तिथल्या भिंतीवर कोरलेली आहे. ती भिंत जवळून पाहिली तर जागोजागी छिन्नीचे घाव दिसतात. कुठे बाळ हत्शेपसुत खरवडून काढलेली आहे, कुठे खुद्द आमुनची आकृती. पाहणारा सहज म्हणतो, कुणी तरी धर्मवेड्याने मूर्ती फोडल्या. पण हे घाव दोन वेगळ्या राजांच्या काळातले आहेत. दोघांमध्ये जवळपास शंभर वर्षांचं अंतर आहे आणि दोघांचे हेतूही एक नव्हेत.

आधी हत्शेपसुत. इ.स.पू. 1479 ते 1458 च्या सुमारास तिने राज्य केलं, तेही राजमाता म्हणून आडून नव्हे, तर राजाचा मुकुट आणि राजाची दाढी लावून. गादीचा वारस होता तिचा सावत्र मुलगा थुतमोस तिसरा. ती गेल्यावर सत्ता पूर्णपणे त्याच्या हाती आली. नंतर तिची चित्रं आणि नावं खोडली गेली, म्हणून जुने अभ्यासक सरळ निष्कर्ष काढत: सावत्र आईने दाबून ठेवलेल्या मुलाने सूड घेतला. गोष्ट म्हणून झकास, पण तारखा तिला साथ देत नाहीत. लक्सरजवळ कर्नाकला आमुनचं मोठं देऊळ आहे, तिथलं ‘लाल देवघर’ तिने बांधायला घेतलं होतं. ती गेल्यावर थुतमोसने ते लगेच मोडलं तर नाहीच, उलट वरचा थर स्वतःच्या चित्रांनी पुरा केला. खोडण्याचं काम सुरू झालं त्यानंतर साधारण वीस वर्षांनी, त्याच्या म्हातारपणी. वीस वर्षं वाट पाहणारा सूड जरा विचित्रच म्हणायचा.

शिवाय काय खोडलं आणि काय राखलं, हेही पाहावं लागतं. ती पट्टराणी होती तेव्हाची, बाईच्या वेषातली चित्रं बहुतेक ठिकाणी सोडून दिलेली आहेत. गेली ती राजा म्हणून असलेली. मोकळ्या झालेल्या जागी बऱ्याचदा थुतमोसने स्वतःचं नाव न घालता आपल्या बापाचं किंवा आजोबाचं घातलं, म्हणजे थुतमोस दुसरा किंवा पहिला. त्यामुळे भिंतीवर राजांची साखळी आजोबा, बाप, मुलगा अशी सरळ दिसू लागते. म्हातारपणी त्याला आपल्या मुलाला, अमेनहोतेप दुसऱ्याला, गादीवर बसवायचं होतं. शेवटची साधारण दोन वर्षं त्याने मुलाला बरोबर घेऊन राज्यही केलं. म्हणून आज बहुतेक अभ्यासकांना हा वंशावळ दुरुस्त करण्याचा खटाटोप वाटतो. या मांडणीतली कच्ची बाजूही सांगायला हवी: अमेनहोतेपच्या गादीला नेमका कुणाचा धोका होता, त्या प्रतिस्पर्ध्याचं नाव कुठेच सापडत नाही.

या सगळ्यात आमुनला कुणी बोट लावलं नाही. कर्नाकला हत्शेपसुतने उभारलेली ओबेलिस्कची, म्हणजे एकाच दगडातून घडवलेल्या उंच टोकदार खांबांची, एक जोडी होती, त्यातला एक अजून उभा आहे, सुमारे तीस मीटर उंच. थुतमोसने ते पाडले नाहीत. त्यांच्याभोवती दगडी बांधकाम करून खालचा भाग झाकला आणि टोकं बाहेर ठेवली. त्या टोकांवरची मालकी देवाची होती. राणीचं नाव लपवायचं आणि देवाची वस्तू राखायची, असा तो हिशेब दिसतो.

आता दुसरी छिन्नी. इ.स.पू. 1353 च्या सुमारास अमेनहोतेप चौथा गादीवर आला. काही वर्षांत त्याने आपल्या नावातला ‘आमुन’ काढून टाकला आणि तो अखेनातेन झाला, सूर्यबिंब अटेनचा उपासक. पुढे त्याच्या माणसांनी आमुनचं नाव आणि चित्र जिथे दिसेल तिथे खरवडलं. त्याच्या स्वतःच्या बापाच्या नावात ‘आमुन’ होता, तोही सुटला नाही. काही ठिकाणी ‘देव’ हा शब्द अनेकवचनात लिहिलेला होता म्हणून खोडला. कर्नाकच्या त्याच ओबेलिस्कवर, थेट टोकाकडे, आमुनच्या आकृत्या छिन्नीने उडवलेल्या आहेत. त्यासाठी तिथवर परांची बांधून माणसं चढवावी लागली असणार. रागाच्या भरात कुणी एवढ्या उंचीवर पोहोचत नाही. त्यामागे हुकूम, मजुरी आणि देखरेख लागते.

इथे श्रद्धा होती, हे मी नाकारणार नाही. थुतमोसपेक्षा अखेनातेनच्या बाबतीत ती कितीतरी जास्त खरी वाटते. पण अभ्यासक तिथेच थांबत नाहीत. आमुनचं कर्नाक म्हणजे जमिनी, गुरं, धान्यकोठारं आणि माणसं यांचा मोठा संसार. अखेनातेनच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या दगडी लेखांमध्ये इतर देवळांवर आणि अधिकाऱ्यांवर अटेनसाठी कर बसवल्याच्या याद्या आहेत. नव्या धर्मात अटेनची किरणं थेट राजा आणि राणीपर्यंत पोहोचतात. मधे पुजाऱ्यांना फारशी जागा नाही. आमुन पुसला की उत्पन्नाची वाट बदलते आणि देवापर्यंत जाण्याचा मक्ता राजवाड्याकडे येतो. त्याने हे मनात ठरवून केलं का, ते कुठल्याही भिंतीवर लिहिलेलं नाही. परिणाम मात्र तोच झाला.

मग प्रत्यक्ष भिंतीवर घाव ओळखायचा कसा? आधी पाहायचं, कोण वाचलं आहे. राजाची आकृती गेली आणि शेजारचा आमुन शाबूत असेल, तर छिन्नी थुतमोसच्या काळातली. राजा शाबूत आणि दोन उंच पिसांचा मुकुट घातलेला देव गेला असेल, तर अखेनातेनची. दुसरी खूण दुरुस्तीची. अखेनातेननंतरच्या राजांनी आमुन पुन्हा कोरला. देइर एल-बहारीला रामसेस दुसऱ्याच्या काळातली ही डागडुजी ओबडधोबड असल्याने लगेच कळते. हत्शेपसुतला मात्र कुणी परत कोरलं नाही. तिसरा गोंधळ ख्रिस्ती काळाचा: पुढे या जागी मठ झाला, तेव्हाही चित्रांची मोडतोड झाली, म्हणून एखाद्या घावावर वाद राहतोच.

पुतळ्यांचं प्रकरण आणखी वेगळं. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या हर्बर्ट विनलॉक यांना देवळाजवळच्या खाणीत आणि खड्ड्यात हत्शेपसुतच्या पुतळ्यांचे ढीगभर तुकडे सापडले. त्यांना त्यात उघड द्वेष दिसला. 2025 साली टोरोंटो विद्यापीठातल्या जुन यी वोंग यांनी त्या उत्खननाच्या जुन्या नोंदी आणि छायाचित्रं पुन्हा तपासली. बरेच चेहरे धड होते, आणि पुतळे मोडले होते ते मान, कंबर, गुडघे अशा ठिकाणी. त्यांच्या मते ही पुतळ्याची शक्ती काढून घेण्याची रीत होती, आणि ज्यांच्याशी कुणाचं वैर नव्हतं अशा राजांचे पुतळेही तसेच मोडलेले आढळतात. पुढे पडलेला दगड लोकांनी वापरायला नेला, त्यातही बरीच मोडतोड झाली. हत्शेपसुतचं नाव खोडलं गेलं, हे वोंगही अमान्य करत नाहीत. पण पुतळ्यावरचा प्रत्येक तडा थुतमोसच्या खात्यावर टाकता येत नाही.

अखेनातेनची पाळीही आलीच. त्याची कर्नाकची देवळं पाडून नंतरच्या होरेमहेब राजाने तो दगड आपल्या प्रवेशद्वारांच्या पोटात भराव म्हणून घातला. त्यात तिरस्कार किती आणि हाताशी तयार दगड असण्याची सोय किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. त्या भरावामुळेच मात्र अटेनच्या देवळांची हजारो कोरीव चित्रं आज अभ्यासकांच्या हाती आहेत.