उधारीची वही एक्सेलमध्ये चढवणे

किराणा दुकानदाराच्या हस्तलिखित उधारी वहीचे फोटो पाहून त्यातील नोंदी स्प्रेडशीटमध्ये ओळीने टंकणे, प्रत्येक नोंदीपुढे चालू बाकी काढणे आणि न लागणाऱ्या नोंदींवर खूण करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. टंकलेखन हा यातला सोपा भाग. खरे कसब आहे ते वहीत जे लिहिले आहे ते आणि टंकणाऱ्याने जे ताडले आहे ते शेवटपर्यंत वेगळे ठेवण्यात.

उधारीच्या वहीत सहसा एका गिऱ्हाइकाला एक पान असते. वर नाव, खाली 'मागील बाकी', मग तारीखवार नेलेला माल 'नावे' आणि दिलेले पैसे 'जमा'. जुन्या वळणाच्या लाल वहीत रेघांऐवजी कागदाच्या घड्या असतात आणि जमेची बाजू डावीकडे, नाव्याची उजवीकडे येते. छापील लेजरमध्ये हाच क्रम उलटा असतो. म्हणून पहिला फोटो उघडल्यावर आधी बाजू ठरवून घ्यावी. एखादी रक्कम बाजू चुकून पडली, तर बाकीत त्या रकमेच्या दुप्पट फरक येतो. बाकी प्रत्येक ओळीला लिहिलेली नसते. गिऱ्हाइकाने विचारले किंवा पान संपत आले की दुकानदार ती मांडतो.

फोटो पानाच्या अगदी वरून, एका वेळी एकच पान, असा घ्यावा लागतो. शिवणीकडच्या बाजूला कागद वळतो आणि रकमेचा शेवटचा आकडा तिथेच लपतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ स्पष्टता टिकते.

तक्त्यात फोटो क्रमांक, ओळ, तारीख, खाते, तपशील, नावे, जमा, चालू बाकी, वहीतील बाकी, फरक आणि शेरा एवढे रकाने पुरतात. फोटो आणि ओळीचा क्रमांक असला की कोणतीही शंका काही सेकंदांत मूळ पानावर जाऊन तपासता येते. हे दोन रकाने कंटाळा करून गाळले, तर पुढे सगळी वही चाळावी लागते. मागील बाकी ही खात्याची पहिली नोंद म्हणून नाव्यात टाकतात. सगळी खाती एकाच पत्रकात असतील, तर प्रत्येकाची बाकी वेगळी चालवणारे सूत्र असे, पहिले चालू बाकीचे (H2) आणि दुसरे फरकाचे (J2):

```
=SUMIFS(F$2:F2,D$2:D2,D2)-SUMIFS(G$2:G2,D$2:D2,D2)
=IF(I2="","",H2-I2)
```

इथे D मध्ये खाते, F मध्ये नावे, G मध्ये जमा आणि I मध्ये दुकानदाराने स्वतः लिहिलेली बाकी आहे. खात्याचे नाव सगळीकडे एकसारखेच टंकले पाहिजे. 'सुरेश पाटील' आणि 'सुरेश पाटिल' ही सूत्राच्या दृष्टीने दोन वेगळी माणसे असतात.

सूत्र चालते कसे, ते एका खात्यावर पाहता येईल. समजा मागील बाकी १,२४० आहे. ३ तारखेला नावे १८५, ७ ला नावे ६०, १० ला जमा ५००. चालू बाकी ९८५. १४ तारखेच्या नाव्यावर तेलाचा डाग आहे. पुढचा ३ आणि शेवटचा ५ दिसतो, मधला आकडा नाही. ही रक्कम रिकामी ठेवावी आणि शेऱ्यात 'अस्पष्ट, ३_५' लिहावे. १८ ला नावे ११० आणि वहीत बाकी १,४२०. तक्ता १,०९५ दाखवतो, म्हणजे फरक उणे ३२५. डागाखाली काय होते ते वहीच सांगते. आता ३२५ भरता येतात, पण शेऱ्यात 'बाकीवरून काढले' हे राहिलेच पाहिजे, कारण दुकानदाराची बेरीज बरोबर असल्याचे आपण इथे गृहीत धरले आहे. दोन लिखित बाक्यांच्या मध्ये अशा दोन रकमा अस्पष्ट असतील, तर फक्त त्यांची बेरीज कळते. तेव्हा अंदाजाने वाटणी करू नये.

पुढे २२ तारखेला ९५ टंकले, वहीत बाकी १,४७९, तक्त्यात १,५१५. फरक ३६. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाल्याचा पहिला संशय घ्यावा. फोटो मोठा करून पाहिला तर ५९ आहे. ही चूक टंकणाऱ्याची, ती सरळ दुरुस्त करावी.

२५ तारखेला नावे २४०. १,४७९ मध्ये मिळवले की १,७१९ होतात, वहीत मात्र १,६१९ आहेत. रक्कम स्वच्छ वाचता येते. दुकानदाराचा हातचा राहून गेला आहे. २८ ला जमा ५००, वहीत १,११९, तक्त्यात १,२१९. फरक पुन्हा १००. फरक एकदा येऊन तसाच पुढे चालत राहिला, तर चूक एकच आहे आणि ती फरक पहिल्यांदा दिसला त्याच्या लगत आहे. मधल्या ओळींना बाकी लिहिलेली नसेल, तर तिच्या आधीच्या लिखित बाकीपर्यंत मागे जाऊन शोधावे. ही चूक टंकणाऱ्याने सुधारू नये. गिऱ्हाइकाला १,६१९ हाच आकडा सांगितला गेला असेल. आता १०० रुपये मागायचे की सोडायचे, हा त्या दोघांमधला व्यवहार आहे. 'वहीतील बाकी' आहे तशी ठेवून शेऱ्यात 'बेरजेत १०० चा फरक' एवढेच लिहावे.

अस्पष्टपणा फक्त डागांमुळे येत नाही. बरेच दुकानदार एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळतात. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ५ इंग्रजी चारसारखा. त्याच हातचे, बेरजेने सिद्ध झालेले आकडे शेजारी ठेवून पाहिले की बहुतेक गुंता सुटतो. जुन्या माणसांच्या हातात उभ्या रेघांचे अपूर्णांकही सापडतात: रकमेपुढे एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. १२॥ म्हणजे साडेबारा. तिथे कुणी १२११ टंकले की बाकी कुठल्या कुठे जाते. आडवी रेघ मारलेले पान म्हणजे हिशेब चुकता झाला की नोंद रद्द केली, हे फोटोवरून ठरत नाही. ते दुकानदारालाच विचारावे लागते.

शंकेची खूण रकमेच्या रकान्यात कधीही करू नये. '३२५?' असे टंकले की ती रक्कम मजकूर ठरते आणि SUMIFS ती मुकाट्याने वगळते. मराठी आकड्यांतून टंकलेली रक्कमही मजकूर ठरू शकते. डावीकडे चिकटलेली रक्कम दिसली की ISNUMBER ने तपासावी. तारखांचाही असाच दगा होतो: संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, तर ३/४ म्हणजे ४ मार्च होतो आणि १२ तारखेनंतरचे दिवस मजकूर होतात.

काम संपल्यावर शेऱ्याच्या रकान्याला गाळणी लावून फक्त शंकेच्या ओळी काढतात आणि फोटो क्रमांकासह दुकानदारासमोर वाचतात. त्याने दिलेले उत्तर 'दुकानदाराने सांगितले' अशा शेऱ्यासह भरतात. मूळ वही त्यानंतरही जपून ठेवावी लागते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २८ नुसार (पूर्वीच्या १८७२ च्या कायद्यातील कलम ३४) नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद न्यायालयात ग्राह्य असते, पण केवळ तिच्या आधारे कुणावर देणे लादता येत नाही. फोटोवरून नंतर केलेला तक्ता तर त्या नियमित ठेवलेल्या वहीची नक्कल आहे. वाद उभा राहिला, तर आधी मूळ पानच मागितले जाईल.