कराच्या शीटमधला आकडा येतो कुठून?
आमच्या पगारदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक : आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली

आम्ही पाठवलेल्या एक्सेल शीटमध्ये करपात्र उत्पन्न भरले की खाली कर तयार मिळतो. तो कसा निघाला, हे बरेच जण फोन करून विचारतात. त्यातला नेहमीचा प्रश्न असा : "माझे उत्पन्न १४ लाख, म्हणजे मी १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. मग कर २ लाख १० हजार व्हायला हवा ना?" नाही, तो ९० हजार होतो. १५ टक्के दर फक्त १२ लाखांच्या वरच्या २ लाखांना लागतो. त्याखालच्या रकमेवर त्या त्या टप्प्याचाच दर राहतो.

हे शीटला कळावे म्हणून उजवीकडे E1 पासून एक छोटा तक्ता ठेवला आहे.

| टप्प्याची सुरुवात (E) | तिथपर्यंतचा कर (F) | पुढचा दर (G) |
|---|---|---|
| ० | ० | ०% |
| ४,००,००० | ० | ५% |
| ८,००,००० | २०,००० | १०% |
| १२,००,००० | ६०,००० | १५% |
| १६,००,००० | १,२०,००० | २०% |
| २०,००,००० | २,००,००० | २५% |
| २४,००,००० | ३,००,००० | ३०% |

खरी मेख मधल्या रकान्यात आहे. ४ ते ८ लाख या टप्प्याचे पाच टक्के म्हणजे २० हजार. ८ ते १२ लाखांचे दहा टक्के म्हणजे ४० हजार. दोन्ही मिळून ६० हजार, म्हणून १२ लाखांच्या ओळीत ६० हजार लिहिले आहेत. खालच्या सगळ्या टप्प्यांचा हिशेब असा आधीच जमा करून ठेवलेला असतो, त्यामुळे सूत्राला फक्त शेवटच्या टप्प्यातली उरलेली रक्कम पाहावी लागते. हा रकाना आम्ही हाताने भरत नाही. F2 मध्ये शून्य आणि F3 मध्ये पुढचे सूत्र टाकून ते खाली ओढतो :

```
=F2+(E3-E2)*G2
```

उद्या दर बदलले तर E आणि G बदलायचे, F आपोआप बदलतो.

आता १४ लाखांचे उदाहरण. पगार १४,७५,००० रुपये. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न १४,००,००० उरते. ते B4 मध्ये आहे. B5 मधले सूत्र असे :

```
=VLOOKUP(B4,$E$2:$G$8,2,TRUE)
 +(B4-VLOOKUP(B4,$E$2:$G$8,1,TRUE))
 *VLOOKUP(B4,$E$2:$G$8,3,TRUE)
```

शेवटी लिहिलेल्या `TRUE` चा अर्थ, तंतोतंत आकडा सापडला नाही तरी चालेल, १४ लाखांहून मोठा नसलेला सर्वांत जवळचा आकडा घे. तक्त्यात १४ लाख नाहीत, म्हणून १२ लाखांची ओळ पकडली जाते. पहिला तुकडा ६० हजार देतो, दुसरा १४ लाखांतून १२ लाख वजा करून २ लाख, तिसरा १५ टक्के. ६० हजार अधिक ३० हजार, झाले ९० हजार. त्यावर चार टक्के उपकर ३,६०० आणि एकूण ९३,६००. एवढेच.

`TRUE` च्या जागी `FALSE` पडले तर शीट लगेच `#N/A` दाखवते, कारण नेमके १४ लाख तक्त्यात नाहीत. ही चूक दिसते तरी. न दिसणारी चूक वाईट : कोणी तक्ता उलटा लावला, मोठा आकडा वर आणि लहान खाली, तर `TRUE` चा शोध भरकटतो आणि काही वेळा चुकीच्या ओळीचा आकडा आणून ठेवतो. लाल खूण नाही, इशारा नाही. म्हणून पहिला रकाना चढत्या क्रमानेच हवा आणि सुरुवात शून्यापासून हवी. त्याच रकान्यात काही जण टप्प्याचा शेवट लिहितात, म्हणजे पहिल्या ओळीत ४ लाख आणि पाच टक्क्यांच्या ओळीत ८ लाख. मग प्रत्येकाला एक टप्पा खालचा दर लागतो आणि कर कमी दिसतो. आकडा कमी आला की तपासायचे कोणाच्या मनात येत नाही.

शीटवर हात फिरवला असेल तर B4 मध्ये ८,००,००० टाकून पाहा. B5 मध्ये २०,००० यायला हवेत. ७,९९,९९० टाकले तर १९,९९९ रुपये ५० पैसे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे कर असा जोडून आला पाहिजे. मध्येच हजारोंची उडी दिसली तर जमा-कराचा रकाना बिघडला आहे. फॉर्म १६ च्या पीडीएफमधून चिकटवलेला आकडा कधी मजकूर म्हणून बसतो, सेलमध्ये डावीकडे सरकलेला दिसतो आणि `#N/A` येतो. तो हाताने पुन्हा टाइप करा.

१२ लाखांची गोष्ट मात्र तक्त्याबाहेरची आहे. तक्त्यानुसार १२ लाखांवर ६० हजार कर होतो, पण नव्या प्रणालीत निवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट मिळून तो शून्य होतो. मग १२ लाखांच्या वर एक रुपया गेला की ६० हजार बसायचे का? तसे होऊ नये म्हणून सीमांत सवलत आहे : कर १२ लाखांवरच्या जादा रकमेपेक्षा अधिक घ्यायचा नाही. B6 मध्ये तेच बसवले आहे.

```
=MAX(0,MIN(B5,B4-1200000))
```

करपात्र उत्पन्न १२,१०,००० असेल तर तक्ता ६१,५०० सांगतो, पण जादा रक्कम १० हजारच आहे, म्हणून कर १० हजार. उपकर धरून १०,४००. नीट पाहा, १० हजार जास्त कमावून १०,४०० भरले, म्हणजे १२ लाखांवाल्याच्या हातात ४०० रुपये जास्तच राहिले! उपकर सवलतीनंतरच्या करावर लागतो, त्याचा हा परिणाम. साधारण १२,७०,५८८ च्या पुढे जादा रकमेपेक्षा तक्त्याचाच कर कमी होतो आणि सवलत संपते. बोनस कोणत्या वर्षात घ्यावा हा प्रश्न या पट्ट्यातल्या लोकांनी जरूर विचारावा. इतरांना वरच्या स्लॅबमध्ये गेल्याने तोटा होत नाही.

जुन्या प्रणालीसाठी सूत्र हेच, तक्ता वेगळा : साठीच्या आतल्यांसाठी सुरुवात ०, २.५ लाख, ५ लाख आणि १० लाख, तर दर ०, ५, २० आणि ३० टक्के. तिथे B6 मात्र वापरू नका, त्या प्रणालीतली सूट ५ लाखांशी बांधलेली आहे आणि तिला अशी सीमांत सवलत नाही.

शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकून झालेला, खास दराने कर लागणारा भांडवली नफा B4 मध्ये मिळवू नका. त्याचा दर वेगळा आहे आणि या शीटमधली सूट त्याला लागू नाही. अनिवासी ग्राहकांना ही सूट नाही, आणि ५० लाखांवरचा अधिभार शीटमध्ये धरलेला नाही. अशांचे गणित आम्ही कार्यालयात वेगळे करतो. त्यासाठी फॉर्म १६ सोबत ब्रोकरचे नफा-तोटा विवरण पाठवा.